बोटानं चालता येणारा कट्टा

शिवकन्या मॅडमच्या स्टुडिओत एक वाक्य रोज ऐकू येई: "बोटानं चालून दाखव."

कलबुर्गीतल्या त्या आर्किटेक्चर कॉलेजात नवीन आलेल्या पोरांना याचा अर्थ कळत नसे. पोरगं मोठ्या डौलात आपला प्लॅन टेबलावर पसरी. मॅडम अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून बाजूला ठेवत, खुर्ची ओढत आणि म्हणत, "मी तुझ्या गावची म्हातारी हाय असं समज. दारातून आत आले. आता चालव मला." मग पोरानं प्लॅनवरच्या दारावर बोट ठेवायचं आणि आत चालत जायचं. कुणाचं बोट भिंतीवर आपटे. कुणाचं स्वयंपाकघरात जायला निघून संडासात पोचे. एकाचं तर जिना चढून वर गेलं आणि वर मजलाच नव्हता. "पडली की रे म्हातारी," मॅडम म्हणत, आणि सगळा वर्ग हसे. ज्याची म्हातारी पडली तोही हसे, कारण मॅडमच्या जिभेला हाड नसलं तरी मनात काही राहत नाही हे पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कळून चुके.

ही सवय तिला वडिलांच्या दुकानात लागली होती. शिवकन्या हुलसूरची. अमृतप्पांचं भुसाराचं दुकान, घरी मराठी, बसवण्णांचं नाव घेताना कन्नड, आणि गिऱ्हाइकाशी जी जमेल ती दखनी. सुगीत दुकानात तुरीच्या पोत्यांची थप्पी छतापर्यंत लागे. आपल्याकडं पोत्याला कट्टा म्हणतात. दोन थप्प्यांमधून वाट काढत ही पोरगी मागच्या खिडकीपर्यंत जाई, खिडकीखालच्या कट्ट्यावर चढून बसे आणि तिथंच शाळेची पुस्तकं वाचे. कुठून शिरलं की कुठं निघतं, हे अंधारात बोटांनी चाचपूनच तिला ठाऊक झालं होतं. पुढं ती आर्किटेक्ट झाली, हैदराबादच्या एका कचेरीत काही वर्षं दुसऱ्यांचे जिने काढले, मग कंटाळून परत आली आणि शिकवायला लागली. लग्न केलं नाही. अमृतप्पा हुलसूरलाच राहत आणि रोज संध्याकाळी फोन करून "जेवलीस का, अव्वा?" एवढंच विचारत. लेकीला ते लाडानं अव्वाच म्हणत.

त्या वर्षी कॉलेजात भांडण पेटलं ते चित्रांवरून.

पूर्वी इमारतीचं चित्र काढायचं तर आधी संगणकात ती इमारत उभी करावी लागे. भिंत, खांब, खिडकी, सगळं मापानं. मग संगणक उजेडाचा हिशेब करून त्याचं चित्र देई. त्याला रेंडर म्हणत. वेळ खाई, पण जे बांधलंय तेच दिसे. आता पोरं मोबाइलवर चार ओळी लिहीत आणि क्षणात असं चित्र हातात येई की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. त्या चित्रामागं इमारतच नसे. शब्द वाचून आणि लाखो चित्रांवरून शिकलेल्या अंदाजानं यंत्र एक दिसणं तयार करी. पोरं त्यालाही रेंडरच म्हणत, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होई. मागच्या सहामाहीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला विचारलं, "चित्रात छप्पर दिसतंय, खांब कुठाय?" ती चित्राकडं बघत राहिली आणि रडायला लागली. खांब प्लॅनमध्ये होते, चित्रात नव्हते, आणि हे तिनं स्वतःच पाहिलं नव्हतं.

विभागप्रमुख अनिलकुमार सरांनी तेव्हापासून दात धरला होता. "यंत्राचं चित्र सापडलं की शून्य," ते म्हणाले. "सोमवारी नोटीस लावतो."

"आधी मला बोलू द्या त्यांच्याशी," शिवकन्या म्हणाली. "थोडंच बोलते. नोटीस लावली तर पोरं चित्र लपवतील. वापरायचे ते वापरणारच हायत."

"बोला. पण मागं मी बसणार."

"बसा की, सर. तुमाला पण बोटानं चालवते."

अनिलकुमार सर हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

भाषणात दाखवायला तिला एक चांगलं उदाहरण हवं होतं, आणि ते तिच्याकडं होतं. आळंद तालुक्यातल्या खजुरीचा अमरदीप. तिसऱ्या वर्षाला, अबोल, मागच्या टेबलावर बसणारा. त्याचं काम होतं आपल्याच गावासाठी वाचनालय. मागच्या आठवड्यात त्यानं शीटवर एक चित्र लावलं होतं: दगडी भिंतीची बुटकी इमारत, संध्याकाळचा उजेड, आणि बाहेर तुरीच्या पोत्यांवर बसून वाचत असलेली माणसं. शिवकन्या ते चित्र बघून जागीच थांबली होती. हुलसूरची मागची खिडकी, तागाचा वास, मांडीला टोचणारं पोतं, सगळं एकदम आलं. तिनं शीट काढून दोन्ही हातांनी वर धरली आणि वर्गाला म्हणाली, "हे बघा. परदेशातली बाकं आणून टाकता तुम्ही चित्रात. यानं आपल्या मातीतलं बसणं आणलं." अमरदीप खाली मान घालून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी बोटानं चालून दाखव असं ती त्याला म्हणाली नाही. तेवढंच राहिलं.

शनिवारी दुपारी पोरं गेल्यावर तिनं भाषणासाठी अमरदीपची फाइल मागवून घेतली. पहिला कच्चा आराखडा, मग पक्का प्लॅन, मग चित्र, अशी एकापुढं एक मांडली म्हणजे पोरांना कळेल, चित्र कुठून यायला पाहिजे ते. तिनं आधी पेन्सिलीचा आराखडा पसरला. पातळ बटर पेपर, वारंवार खोडून मऊ पडलेला. मधे एक लिंब, लिंबाच्या तिन्ही बाजूंनी वाचनालय, आणि लिंबाभोवती शहाबादी फरशीचा लांबलचक ओटा. झाडाला वळसा घालून तो थेट वाचनालयाच्या दारापर्यंत गेला होता. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: कट्टा, सगळा एकच उंची.

तिनं दारावर बोट ठेवलं आणि चालायला लागली. रस्त्यावरून आत, कट्ट्याला लागून, लिंबाखालून, वळून पुस्तकांपाशी. कुठंही अडलं नाही. म्हातारी पडली नाही. वाटेत हवं तिथं टेकता येत होतं. 'काय सुरेख काढलंय पोरानं,' तिच्या मनात आलं, आणि तिनं पक्का प्लॅन उघडला.

पक्क्या प्लॅनमध्ये कट्टा नव्हता. लिंबाच्या पुढं मोकळी जागा होती आणि तिच्यात लहानलहान लांबट गोळे काढले होते. बाजूला लिहिलं होतं: पोती, बसण्यासाठी.

शिवकन्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग तिनं चित्र पुन्हा हातात घेतलं आणि या वेळी नीट बघितलं. चित्रात लिंब नव्हता, कसलं तरी रुंद पानांचं झाड होतं. प्लॅनमध्ये दाराशेजारी दोन खिडक्या होत्या, चित्रात काचेची अख्खी भिंत. आणि वाचनालयाच्या पाटीवर जी अक्षरं होती ती लांबून कन्नड दिसत, जवळ गेलं की एकही वाचता येत नसे. वाचनालयाची पाटी, आणि वाचता येत नाही. हे सगळं मागच्या आठवड्यातही तिथंच होतं. पोती बघितली आणि बाई वाहवत गेल्या. तिनं कपाळाला हात लावला.

अमरदीप वसतिगृहातच होता. निरोप मिळताच आला आणि टेबलावरचे कागद बघून दारातच थबकला.

"ये, बस," ती म्हणाली. "भिऊ नको. हा कट्टा कुठं गेला सांग."

तो बसला नाही. "पुसलो, मॅडम."

"कामून?"

तो बोलायला लागला तसा थांबेना. "मला संगणकावर इमारत उभी करायला येत न्हाई नीट. लॅपटॉप पण जुना हाय. बाकीच्यांची चित्रं बघून माझं पेन्सिलीचं लावायची लाज वाटायली होती. मग मोबाइलवर लिवलो. मराठीत लिवलो, मॅडम. 'वाचनालयाच्या बाहेर कट्ट्यावर बसून वाचणारी माणसं.' आन् त्यानं पोती काढली."

शिवकन्याला हसू आवरेना. कट्टा. झाडाखालचा तोही कट्टा, तुरीचा तोही कट्टा. आपण दिवसभर दोन्ही म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही, कारण समोरच्याला ठाऊक असतं बसायचं की उचलायचं. यंत्राला कुठून ठाऊक असणार? तिला हसताना बघून अमरदीपही कसनुसं हसला.

"बरं, मग? पोती आली तर आली. दुसरं काढायचं होतं."

"काढणारच होतो. पण वेळ न्हवता म्हून तसंच लावलो. मग तुमी शीट वर धरलात." तो थांबला. "आजपावतर कुणी माझी शीट वर धरली न्हवती."

शिवकन्याचं हसू गेलं.

"सगळे वळून बघायले होते," तो म्हणाला. "तुमी इतक्या खूश झालतात. मी कसं म्हणू, ती चुकून आल्यात म्हून? मग रात्रभर वाटायलं की प्लॅनमधी पोती न्हाईत, कुणीतरी विचारंल. तवा कट्टा पुसलो आन् पोती काढलो. चित्राला जुळावं म्हून."

"आणि सगळा एकच उंची, हे कामून लिहिलं होतंस?"

हे त्यानं अपेक्षिलं नव्हतं. तो कागदाकडं बघून बोलला. "आमच्या गावात लिंबाखाली कट्टा हाय. दोन उंच्यांचा. वर पाटील, शेटजी बसायचे. खाली पायरी हाय, तिथं आमची माणसं. माझा आज्जा तात्याराव, त्यानं कवाच वर बूड टेकलं न्हाई. आमचं घर बौद्ध झालं, बाप शिकला, मी इथं आलो, आता कुणी अडवत न्हाई. तरीबी आज्जा शेवटपावतर खालीच बसला. त्याला सवय झालती." त्यानं बटर पेपरवरच्या त्या ओळीवर अंगठा ठेवला. "म्हून पायरीच ठेवायची न्हाई असं ठरवलो होतो."

शिवकन्यानं चित्रातल्या पोत्यांकडं बघितलं. आपण ज्याला आपल्या मातीतलं बसणं म्हणून वर धरलं, ते आपल्या बापाच्या दुकानातलं बसणं होतं. त्या पोराच्या आज्जाचं बसणं आपल्या कौतुकानं पुसून टाकलं. तिला स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते पोरासमोर येऊ नये म्हणून ती उठून खिडकीपाशी गेली.

"मला शून्य मिळणार का?" मागून अमरदीपनं विचारलं. "सरांनी सांगितलंय म्हणं. शून्य आलं तर वर्ष जाईल, मॅडम. घरी काय सांगू?"

"सरांच्या मनातलं मी सांगू शकत नाही," ती वळून म्हणाली. "खोटा दिलासा देणार नाही तुला. सोमवारी मी हे चित्र दाखवणार आहे. तुझं नाव घेणार नाही. मी काय चुकले ते सांगणार. पण तुझ्या शीटवर काय लावायचं, ते तू ठरव. पोतीवाला प्लॅन दिलास तर तो चित्राला जुळेल. कुणाला काही कळणार नाही."

"तुमाला कळंल."

"मला कळेल. आणि तुला."

तो फाइल उचलून गेला. शून्याची भीती त्याच्या पाठीवर दिसत होती. तो कुठली शीट लावील, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी अमृतप्पांचा फोन आला. "जेवलीस का, अव्वा?"

"अप्पा, आपल्या गावच्या कट्ट्यावर तुम्ही कुठं बसायचात?"

"कुठं म्हंजे? वर. लिंबाला टेकून. माझी जागाच होती ती."

"आणि खाली कोण बसायचं?"

"तवा तसंच होतं, अव्वा," अमृतप्पा म्हणाले. "बसवण्णांची वचनं तोंडपाठ होती आमची. माणसं सगळी सारखी, म्हणायचो. म्हणायचो आन् वर बसायचो. कुणी खाली बसलंय, हे डोळ्याला दिसायचंच न्हाई." मग त्यांनी विचारलं, "कामून इचारलीस?"

"एका पोरानं खालची पायरी काढून टाकलीय. कागदावर."

"मग ते पोरगं मला दाखव एकदा," अमृतप्पा म्हणाले आणि जेवलीस का याचं उत्तर घ्यायचं विसरून फोन ठेवला.

सोमवारी स्टुडिओ गच्च भरला होता. अनिलकुमार सर मागच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसले. शिवकन्यानं भिंतीवर पोत्यांचं चित्र मोठं करून लावलं. मागच्या टेबलावर अमरदीप मान वर न करता बसला होता.

"हे चित्र मागच्या आठवड्यात मी वर धरलं होतं," ती म्हणाली. "आता माझंच बोट घेऊन यात चालून दाखवते. ही मी दारापाशी आले. पाटी वाचायला गेले, तर अक्षरं नाहीत, नुसती वेलबुट्टी. आत गेले, तर काचेची भिंत. प्लॅनमध्ये तिथं दगडाची भिंत आणि दोनच खिडक्या आहेत. म्हातारी काचेवर आपटली. पडली." कुणी तरी हसलं. "हसा. म्हातारी मीच होते. मी प्लॅन न बघता चित्राचं कौतुक केलं. मला पोती आवडली, कारण मी पोत्यांवर बसून वाढले. यंत्राला माझं मन ठाऊक नव्हतं, पण चूक नेमकी मला गोड लागेल अशी झाली. अशा चुका सापडत नाहीत. आपल्याला त्या सापडायला नको असतात."

मग ती नेहमीच्या सुरात आली. "तुम्ही दोन गोष्टींना एकच नाव देता. संगणकात इमारत उभी करून काढलेलं चित्र असतं, त्यात चूक असली तर ती तुमची असते. तुम्ही बांधलंत तेच दिसतं. आणि हे दुसरं. याला तुम्ही शब्द दिलेत, नाहीतर आपलं रेखाचित्र दिलंत, तरी हे अंदाज करतं. खांब गाळेल. दोन खिडक्यांच्या पाच करील. तेच शब्द पुन्हा द्या, पुन्हा वेगळी इमारत देईल. त्याला माप नाही, वजन नाही, तुमचं गाव नाही. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. संध्याकाळचा उजेड कसा वाटेल, भिंतीला दगड बरा की वीट, हे चाचपायला वापरा. मी पण वापरते. पण लावलंत तर खाली लिहा, हे यंत्रानं काढलंय. कुठल्या यंत्रानं, तुम्ही त्याला काय दिलंत ते लिहा. जे दिलंत, ते रेखाचित्र असो की शब्द, शेजारी लावा. आणि चित्रात जे तुमच्या प्लॅनमध्ये नाही, त्याला लाल गोल करा. आधी तुम्ही करा, मग आम्ही बघू."

"आणि एक," ती म्हणाली. "चित्र चुकलं तर चित्र बदला. चित्राला जुळावं म्हणून प्लॅन खोडू नका. प्लॅनमध्ये तुम्ही असता. तुमचं घर, तुमची माणसं, तुम्हाला सलणारं काहीतरी. चित्र सुंदर दिसलं म्हणून ते पुसलंत तर मग तुमच्या जागी यंत्रानंच कॉलेजात येऊन बसलेलं काय वाईट?"

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अमरदीप उभा राहिला होता.

"ते चित्र माझं हाय," तो म्हणाला.

सगळे वळले. तो बोलला: कट्टा लिवलो आन् पोती आली ते. पोरं खो खो हसली. कलबुर्गीच्या पोरांनाही दोन्ही कट्टे ठाऊक होते. त्यांचं हसू ओसरेपर्यंत तो थांबला आणि म्हणाला, "आमच्या गावचा कट्टा दोन उंच्यांचा हाय. आज्जा खालच्यावर बसायचा. मी वाचनालयाला एकाच उंचीचा काढलो होतो. मग पोत्यांचं कौतुक झालं म्हून पुसलो. यंत्रानं न्हाई पुसला. मी पुसलो." 

आता कुणी हसलं नाही.

अनिलकुमार सर स्टुलावरून उठले आणि हळूहळू अमरदीपच्या टेबलापाशी आले. त्याच्या फाइलीतला बटर पेपर त्यांनी उचलून उजेडाकडं धरला. "हे तू काढलंस?"

"व्हय, सर."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, दारावर बोट टेकवलं आणि एकही शब्द न बोलता चालायला लागले. कट्ट्याला लागून, लिंबाखालून, वळून आत. चष्मा नीट करून पुन्हा एकदा तीच वाट गेले. "चित्राचे मार्क कापणार," ते म्हणाले. "आठवडाभर गप्प बसलास, त्याचे. शून्य नाही देत. कट्टा परत काढ." मग शिवकन्याकडं वळून, "नोटीस तुम्ही लिहा, मॅडम. आत्ता बोललात तेच. वेलबुट्टी सोडून."

पोरांच्या कामांच्या प्रदर्शनाच्या दिवशी, डॉक्टरांना दात दाखवायच्या निमित्तानं अमृतप्पा गुलबर्ग्याला आले. कलबुर्गी हे नाव त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, हातात काठी. दातांचं नाव न काढता ते थेट कॉलेजात आले आणि "ते खजुरीचं पोरगं कुठाय?" म्हणून विचारत सुटले.

अमरदीपच्या शीटवर या वेळी मधोमध पेन्सिलीचं चित्र होतं. रेषा थोड्या थरथरत्या, पण लिंब लिंबासारखा. कोपऱ्यात पोत्यांचं जुनं चित्र लहान करून लावलं होतं, लाल गोलांनी भरलेलं, आणि खाली लिहिलं होतं: 'हे यंत्रानं काढलं. मी कट्टा म्हणालो, त्याला पोतं कळलं. काच, झाड, पाटी आणि पोती माझी नाहीत.' शीटसमोर टेबलावर पुठ्ठ्याचा लहान नमुना होता. कट्ट्याला त्यानं शहाबादीच्या खऱ्या चिपा घासून लावल्या होत्या.

शिवकन्या थोडी लांब उभी राहिली. वडिलांना काय वाटेल याची तिला धास्ती वाटत होती, आणि धास्ती वाटतेय याची लाज.

अमृतप्पांनी काठी टेबलाला टेकवली. लेकीनं कधी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी आपण होऊन दारापाशी बोट ठेवलं आणि कट्ट्याच्या कडेकडेनं नेलं. लिंबापाशी बोट थांबलं. मग ते खाली घसरलं, जमिनीलगत काहीतरी चाचपायला लागलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या.

"पायरी न्हाई रं," ते म्हणाले.

"न्हाई, अप्पा," अमरदीप म्हणाला. "ठेवलोच न्हाई."

अमृतप्पांनी मान हलवली. बोट अजून कट्ट्याच्या त्या दगडी चिपेवरच होतं. "तुझा आज्जा हाय का?"

"न्हाई. गेला मागच्या साली."

"हं." म्हाताऱ्यानं नमुन्यावर वाकून बघितलं. "मग मी ह्यात कुठं बसू, तेवढं सांग बाबा. आजवर कुणाला इचारलो न्हाई मी, कुठं बसू म्हून."

अमरदीपनं शिवकन्याकडं बघितलं. तिला डोळे पुसायचंही सुचत नव्हतं. मग त्यानं अमृतप्पांचं बोट हलकेच उचललं आणि लिंबाखाली, कट्ट्याच्या मधोमध ठेवलं.

"कुठंबी बसा, अप्पा," तो म्हणाला. "सगळा सारखाच हाय."